डीचा ड

माझ्या फुटबॉलच्या परवान्याचं वाटोळं एका अक्षरामुळे झालं, आणि ते अक्षर माझ्या नवऱ्याने टाईप केलं होतं. हे मी त्याला तोंडावर एकदाच म्हणाले. मनात मात्र कितीदा म्हणाले याचा हिशेब नाही.

मी अंबाजोगाईला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या मुलींच्या संघात खेळले. डावीकडून पळायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून विद्यापीठाच्या संघात गेलेली मी पहिलीच, म्हणून वडिलांनी माझा खेळतानाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. मग लग्न झालं आणि केज तालुक्यातल्या एका गावात आले. नवरा तिथल्या पतसंस्थेत क्लार्क. युसूफ वडगावच्या बाजाराला जायचं, पाणी भरायचं, सासूबाईंचं ऐकायचं आणि पाय शिवशिवले तर ते पदराखाली घ्यायचे, असा माझा तेव्हाचा दिनक्रम.

गावातल्या शाळेचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. हेडमास्तर भला माणूस. त्यांना कुठून तरी माझ्या त्या फोटोबद्दल कळलं होतं. घरी येऊन म्हणाले, "मॅडम, पोरी नुसत्या लंगडी खेळतात. तुमी बघा की जरा." मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी छताकडे बघितलं. त्यालाच मी होकार धरलं.

पहिलं वर्ष मी फुकट शिकवलं, आणि आयुष्यात तेवढी मजा मला परत कधी आली नाही. दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं ते. मैदान तव्यासारखं तापायचं, म्हणून सकाळी सहाला सराव. निशाणीला लावायचे प्लास्टिकचे कोन आमच्याकडे नव्हते, मी गोवऱ्या मांडायचे. बॉल गोवरीला लागला की ती फुटायची आणि ज्या पोरीने फोडली तिने दुसऱ्या दिवशी घरून एक आणायची, असा नियम. त्यामुळे आमच्या पोरी बॉल पायाजवळ ठेवायला फार लवकर शिकल्या. टँकरचा हॉर्न वाजला की मात्र सराव खलास. सगळ्या घागरीकडे पळायच्या, आणि मी एकटी गोवऱ्या गोळा करत बसायचे.

त्यात एक गोलकीपर होती. नववीतली, हाडकुळी, हात मात्र गुडघ्याला टेकतील एवढे लांब. तिचे आईबाप दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, आणि धाकट्या दोघांना सांभाळायला हिलाही न्यायचे. मी बापाला जाऊन भेटले. बाप दारात विडी ओढत बसला होता.

"शाळेच्या टीममधी हाय ना?" त्याने विचारलं.

"आहे. जिल्ह्याला खेळणार आहे."

"मग ऱ्हाऊ दे तिला आजीपाशी. शाळंची टीम म्हंजी मास्तर लोकाचं लक्ष ऱ्हाईल. पर नुसतं असंच बॉल बडवायचा आसंल तर माझी पोरगी मी नेणार."

त्या वर्षी ती थांबली. जिल्ह्याला आम्ही दुसरी मॅच हरलो, पण तिने एक पेनल्टी अडवली आणि महिनाभर गावात ते हात मिरवत फिरली.

उन्हाळ्यात हेडमास्तरांनी सांगितलं की शाळा चालवणारी शिक्षण संस्था आता मला मानधनावर घ्यायला तयार आहे, पण प्रशिक्षक प्रमाणित पाहिजे असं कुणीतरी बैठकीत म्हटलंय. नुसता खेळाडू चालणार नाही, कागद पाहिजे. मला ते पटलं. खेळता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे गोवऱ्या मांडताना मला रोज कळत होतं.

फुटबॉल प्रशिक्षकांच्या परवान्यांचा जिना त्या काळी असा होता: सगळ्यांत खाली डी, मग सी, मग बी, मग ए, आणि त्याच्याही वर व्यावसायिक संघांचा परवाना. कुणीही थेट मधल्या पायरीवर उडी मारू शकत नाही. कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याला चढावं लागतं. डी केला की काही काळ खरोखरच्या टीमला शिकवायचं, तसं पत्र आणायचं, मग सीच्या कोर्सला अर्ज. पुढेही तसंच. म्हणजे हा जिना कागदावर चढता येत नाही, पायाखाली टीम लागते. ही गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिथेच अडकलं.

डीच्या कोर्सला मी पुण्याला गेले. मोजून सहा दिवस. चोवीस जणांत बाया दोन, मी आणि कोल्हापूरकडची एक. पहिल्या सकाळी मैदानावर गेले तर फवारे चालू होते. गवताला पाणी! मी कडेला उभी राहिले आणि मला काय झालं कळेना, डोळे भरून आले. आमच्याकडे सासूबाई भांडी घासलेलं पाणी गाळून म्हशीला पाजत होत्या. कोल्हापूरची म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "डोळ्यात उडालं पाणी." उडालंच होतं म्हणा थोडं.

सकाळ-संध्याकाळ मैदानावर आणि मधल्या वेळात वर्गात. मुलाच्या वयाप्रमाणे सराव कसा बदलायचा, पळापळीआधी शरीर कसं तापवायचं, खेळाचे नियम, सगळं. शेवटी प्रत्येकाला एक विषय देऊन मैदानावर वीसेक मिनिटं शिकवायला लावायचे आणि परीक्षक वही घेऊन कडेला उभे. मला विषय आला पास देणाऱ्याला आधार कसा द्यायचा. खेळ चालू असताना चूक दिसली की शिट्टी मारायची, सगळ्यांनी आहे तिथेच थिजायचं, मग कोचने आत जाऊन दाखवायचं. मी शिट्टी मारली, पोरं थिजली, आणि मी बोलतच सुटले. परीक्षक हिंदीत म्हणाले, "मॅडम, भाषण कमी. दाखवा आणि बाहेर या." मी लाजले, पण आयुष्यात माझ्यावर झालेली ती सगळ्यांत उपयोगाची टीका. त्यांनीच मला विचारलं, "कोन नसले तर काय वापरता?" मी गोवऱ्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं.

निकाल काही आठवड्यांनी मेलवर आला. पास. प्रमाणपत्र इंग्रजीत, त्यावर डी. नवऱ्याने पतसंस्थेच्या प्रिंटरवर रंगीत काढून आणलं आणि लॅमिनेशन केलं. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश. म्हणाला, "बैठकीचा विषय मीच टाईप करणार आहे. झकास मांडतो बघ."

शिक्षण संस्था आणि पतसंस्था यांचे चेअरमन एकच. ऑफिसही एकच, आणि टाईप करणारा माणूसही एकच, तो आमच्या घरचा. आता त्याचं काय झालं ते ऐका. पतसंस्थांचं दर वर्षी लेखापरीक्षण होतं आणि शेवटी त्यांना वर्ग मिळतो: अ, ब, क किंवा ड. अ म्हणजे उत्तम. ड म्हणजे संस्था गाळात. माझा नवरा दहा वर्षं हेच टाईप करत आला होता. ठराव मराठीतच हवा, इंग्रजी अक्षर चालत नाही, म्हणून त्याने सवयीने, अगदी प्रेमाने, लिहिलं: "फुटबॉल प्रशिक्षण परवाना. वर्ग: ड."

आणि त्याच वर्षी, दुष्काळात वसुली थांबल्यामुळे, त्या पतसंस्थेला पहिल्यांदाच ड मिळाला होता.

मला बैठकीला बोलावलं तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी इस्त्रीची साडी नेसून, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र छातीशी धरून आत गेले. टेबलाभोवती सात जण. चेअरमन साहेबांच्या हातात कागद होता. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. त्या वर्षी ते खचलेले होते आणि खचलेला माणूस ऐकत नाही.

"बाई, हे ड कावून?" ते म्हणाले.

"साहेब, ते इंग्रजीतलं डी आहे. पहिली पायरी."

"ड म्हंजी ड. आमच्या संस्थेला औंदा ड दिला. साऱ्या तालुक्यात बोभाटा झाला. आता शाळंत बी ड आणून बसवू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी सांगायला लागले. डी नापासांचा नसतो, डीत पास व्हावं लागतं, सगळ्यांना डीपासूनच सुरुवात करावी लागते. मी बोलत होते, बोलतच होते. परीक्षकांचं म्हणणं आठवलं, भाषण कमी, दाखवा. पण टेबलावर काय दाखवू?

"मग तुमी ए कदी होणार?" एका सदस्याने विचारलं.

"आधी सी करावा लागेल, मग बी, मग ए. आणि दर वेळी मधल्या काळात टीम सांभाळलेली असावी लागते."

"मग ए झाल्यावर या. तवा सन्मानानं घेऊ."

"पण तुम्ही टीम दिली नाही तर माझा सीसुद्धा होणार नाही."

"ते तुमचं तुमी बघा," चेअरमन म्हणाले. कागदावरचं बोट त्यांनी उचललं नाही. ते बोट ड वरच होतं.

खोलीत त्याच जागेसाठी आणखी एक उमेदवार बसला होता. जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेला, तिशीतला, गप्प. त्याच्याकडे क्रिकेट प्रशिक्षक म्हणून पास झाल्याचं पत्र होतं, लेव्हल ए. आता गंमत अशी की त्या काळी क्रिकेटचा जिना उलटा होता. तिथे ए सगळ्यांत खाली, बी मधे, सी सगळ्यांत वर. म्हणजे तो आणि मी अगदी एकाच पायरीवर उभे होतो, पहिल्या. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. मी बोलूनही दाखवलं. चेअरमनांनी त्याच्याकडे बघितलं. "काय हो, खरं हाय का?" तो टेबलाकडे बघत म्हणाला, "साहेब, पत्रावर ए हाय." खोटं काहीच बोलला नाही तो.

त्याच्या नावाचा ठराव पाच मिनिटांत झाला. बाहेर व्हरांड्यात माझा नवरा उभा होता. चेहरा बघून समजला. "काय झालं?" मी म्हटलं, "तुमचा ड झाला." हेच ते एकदा तोंडावर बोललेलं. त्याचा चेहरा असा पडला की मला माझीच चीड आली. तरी मी ते शब्द परत घेतले नाहीत.

जुलैत मैदानाच्या बरोबर मधोमध सिमेंटचं पिच टाकलं. जिथे आमचं मधलं वर्तुळ असायचं, तिथे. सिमेंट पक्कं व्हायला पाणी लागतं. त्यावर पोती अंथरायची आणि ती दिवसभर ओली ठेवायची, तेही पंधरा-वीस दिवस. पावसाचा पत्ता नव्हता. टँकरचं पाणी त्या पोत्यांवर पडत होतं आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, त्या पिचला पाजायलेत, आमाला कवा पाजणार?" माझ्या पोरी वर्गाच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांना पुण्याचे फवारे सांगून मी हसवलं होतं. आता कुणी हसत नव्हतं.

एक दिवस तो क्रिकेटवाला मला बाजारात भेटला. माझ्या पिशवीतली भाजी बघत म्हणाला, "मॅडम, मला नोकरी पायजे होती. लेकरू झालंय." मी म्हटलं, "माहीत आहे." मला त्याचा राग यायला हवा होता. येत नव्हता, त्याचंच जास्त दुःख झालं. माणूस निदान रागाला तरी धरून राहतो.

मी हात टेकले नव्हते अजून. गावाबाहेर माळावर सकाळी पोरींना बोलवायला लागले. पहिल्या दिवशी चौदा आल्या, आठवड्याने सहा, मग तीन. आया म्हणायच्या, शाळेची टीम नाही तर माळावर कशाला पाठवायची पोरगी, लोक काय म्हणतील. चुकीचंही नव्हतं त्यांचं. मी हेडमास्तरांकडे गेले, म्हटलं, एक पत्र द्या की मी तुमची टीम शिकवते, फक्त एवढंच. त्यांनी लेटरहेड काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "मॅडम, टीमच न्हाई तर कसं लिहू? मी मागल्या वर्षाचं लिवतो पायजे तर." मागल्या वर्षी माझ्याकडे डी नव्हता. ते वर्ष धरलंच गेलं नसतं.

दसरा झाला. त्या वर्षी जे कधी गेले नव्हते तेही ऊसतोडीला निघाले, कारण रानात काही नव्हतं. सकाळी ट्रक उभा राहिला. चुलीची भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. गोलकीपर वर चढून बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. बापाने मला बघितलं आणि नजर वळवली. त्याने त्याचा शब्द पाळला होता. त्याला दिलेला शब्द माझ्याच्याने पाळला गेला नव्हता.

मी ट्रकला टेकून उभी राहिले. बैठकीतलं बोलणं गावभर झालं होतं. ती वाकून म्हणाली, "मॅडम, ए व्हायला किती दिस लागत्यात?"

मला खरं माहीत होतं. टीम असती तरी कितीतरी वर्षं, आणि टीम नसली तर कधीच नाही. मी म्हटलं, "दोन वर्षं."

"दोन वर्सं काय, काढीन मी," ती म्हणाली. "तुमी ए झाल्या की निरोप धाडा. मी येते." आणि तिने तो लांब हात खाली सोडला, माझ्या हाताला हात लावला, पेनल्टी अडवल्यावर लावायची तसा. ट्रक गेला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवतं. आमच्या मैदानावरची टीम गेली ते कुणाला आठवणार? तिचं लग्न झालं असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. वय मी विचारलं नाही, मला ते माहीत होतं. पाऊस परत आला. पतसंस्थेला परत ब मिळाला, नवऱ्याने पेढे आणले. मी एक खाल्ला. प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली आहे. सीच्या कोर्सचा अर्ज मी दोनदा भरायला घेतला आणि दोन्ही वेळा त्याच रकान्यापाशी थांबले, सध्या कोणत्या संघाला शिकवता.

गेल्या वर्षी केजच्या बसस्टँडवर मी उभी होते. मागून कुणीतरी हाक मारली, "मॅडम!" वळून बघितलं तर तीच. अंगाने भरलेली, कपाळ उन्हाने काळवंडलेलं, हात तेवढेच लांब. शेजारी उभी पाच-सहा वर्षांची पोरगी. हात बघूनच कळलं कुणाची ते.

इकडचं तिकडचं बोललो. आई गेली, नवरा ऊसतोडीच्या टोळीत मुकादम आहे, सासर बरं आहे. मग तिने एकदम विचारलं, "मॅडम, झाल्या का ए?"

मी लेकरासमोर खोटं बोलले. म्हटलं, "झाले."

तिचा चेहरा असा उजळला की मला जमिनीत जावंसं वाटलं. "मला ठावं होतं," ती म्हणाली. "मग आता टीम काढा की परत. माझं तर राहिलं. पर हिला घ्या." आणि तिने पोरीला पुढे ढकललं. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि पायाजवळचा खडा टोकाने हळूच सरकवला, पायापासून लांब जाऊ न देता.

एवढ्या लहान मुलांना शिकवायला ए लागत नाही. त्यांना डीच लागतो. माझ्याकडे होता तोच.

मी म्हटलं, "बघू." तेवढ्यात त्यांची बस लागली, आणि ती पोरीला काखेत घेऊन धावली.